एनआर7 आणि इनसाइड बार ब्रेकआउट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अरुंद रेंजच्या दिवसानंतर दुसऱ्या दिवशी ऑर्डर लावून ब्रेकआउट पकडायचा, या पद्धतीबद्दल वाचक सतत विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी उत्तरं एनएसईच्या रोख बाजारातले शेअर आणि त्याच दिवशी बंद होणारे इंट्राडे ट्रेड धरून दिली आहेत. फ्युचर्स किंवा डिलिव्हरीसाठी खर्चाचे आकडे बदलतील, तर्क तोच राहील.

1. एनआर7 आणि इनसाइड बार यात फरक काय? दोन्ही एकच ना?

दोन्ही वेगळे आहेत. दिवसाचा हाय वजा लो म्हणजे त्या दिवसाची रेंज. आजची रेंज गेल्या सात दिवसांत, आजचा दिवस धरून, सगळ्यात लहान असेल तर आजचा दिवस एनआर7. चार दिवसांत सगळ्यात लहान असेल तर एनआर4. ही नावं रूढ केली ती अमेरिकन ट्रेडर टोबी क्रेबल यांनी, 1990 च्या सुमारास. तेव्हा ती तिथल्या कमोडिटी आणि बाँड फ्युचर्सवर वापरली जात होती.

इनसाइड बारमध्ये फक्त कालच्या कँडलशी तुलना असते. आजचा हाय कालच्या हायच्या खाली आणि आजचा लो कालच्या लोच्या वर, म्हणजे आजची कँडल कालच्या पोटात. काल रेंज प्रचंड मोठी असेल तर आजचा दिवस इनसाइड असूनही चांगला रुंद असू शकतो. उलट रेंज सात दिवसांत सगळ्यात लहान असेल, पण भाव कालच्या हायच्या वर सरकलेला असेल, तर तो एनआर7 आहे, इनसाइड नाही. मी दोन्ही अटी एकत्र लागू करतो. पुढची सगळी उत्तरं त्या जोडीबद्दल आहेत.

2. असा दिवस दिसला की भाव वर जाणार की खाली, हे कसं ओळखायचं?

त्या कँडलवरून ओळखता येत नाही. अरुंद रेंज सांगते की गेल्या काही दिवसांत हालचाल आवळत आली आहे. हालचाल पुन्हा मोकळी झाली तर ती कोणत्या बाजूने होईल, याची माहिती त्या आकड्यात नसते. म्हणूनच या पद्धतीत दोन्ही बाजूंना ऑर्डर असते आणि दिशा बाजाराने ठरवायची असते. कोणी फक्त तेजीची बाजू घेतो, कारण शेअर 50 दिवसांच्या सरासरीच्या वर आहे. ते चालेल, पण मग दिशा ती सरासरी देते, एनआर7 नाही. चाचणीतही त्या सरासरीचा हिशेब वेगळा तपासावा लागतो (प्रश्न 7).

3. एक पूर्ण उदाहरण द्याल का? ऑर्डर नक्की कुठे, किती शेअरची?

आकडे उदाहरणापुरते घेतो. एका शेअरच्या गेल्या सहा दिवसांच्या रेंज 19, 16, 21, 14, 18 आणि 17 रुपये आहेत. सहाव्या दिवसाचा हाय 864 आणि लो 847. सातव्या दिवशी हाय 860.40, लो 851.20, म्हणजे रेंज 9.20. हा सातांत सगळ्यात लहान आहे आणि कालच्या कँडलच्या आतही आहे, म्हणून सेटअप झाला.

या शेअरची टिक 5 पैशांची धरू. दुसऱ्या दिवशीसाठी खरेदीची ट्रिगर ऑर्डर हायच्या एक टिक वर, 860.45 ला. विक्रीची ट्रिगर ऑर्डर लोच्या एक टिक खाली, 851.15 ला. एका बाजूने आत शिरलो की दुसरी बाजू हाच स्टॉपलॉस, म्हणून एका शेअरमागची जोखीम 9.30 रुपये. भांडवल 5 लाख आणि एका ट्रेडवर अर्धा टक्का गमावायची तयारी असेल तर 2,500 भागिले 9.30, म्हणजे 268 शेअर. टिक मात्र शेअरच्या भावानुसार बदलते, तेव्हा आपल्या शेअरची टिक ब्रोकरच्या टर्मिनलवर पाहून घ्यावी.

दोन्ही ऑर्डर एकाच संख्येच्या आणि एकाच इंट्राडे प्रकारच्या ठेवल्या की एक सोय आपोआप होते. खरेदी आधी लागली तर पडून असलेली विक्रीची ऑर्डर तीच पोझिशन बंद करते, वेगळा स्टॉपलॉस टाकावा लागत नाही. दोन्ही लागल्या तर खातं रिकामं होतं आणि उलटी पोझिशन उघडत नाही. मार्जिन एका बाजूचं अडकेल की दोन्ही बाजूंचं, हे ब्रोकरनुसार वेगळं असतं.

4. ब्रोकरच्या ओसीओ जीटीटीने हेच जमेल का?

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. ओसीओ म्हणजे एक लागली की दुसरी रद्द. बहुतेक ब्रोकरांकडे ती हातातल्या पोझिशनला टार्गेट आणि स्टॉपलॉस लावण्यासाठी असते. प्रवेशासाठी ती वापरली तर खरेदी लागताच विक्रीची ऑर्डर रद्द होईल, आणि वरच्या मांडणीत तीच तर आपला स्टॉपलॉस होती. मी दोन साध्या स्टॉपलॉस ऑर्डरी सकाळी लावतो, आणि एक लागली की दुसरी अजून ऑर्डर बुकात आहे ना, हे पाहतो.

5. सकाळी शेअर थेट ब्रेकआउटच्या वर उघडला तर? एसएल लावू की एसएल-एम?

प्रश्न 3 चा शेअर 866 ला उघडला असं धरू. 9 वाजता सुरू होणाऱ्या प्री-ओपन सत्रात स्टॉपलॉस ऑर्डर भाग घेत नाहीत. त्यामुळे लिलावात ठरलेला 866 हा भाव तुमच्या ट्रिगर ऑर्डरला मिळत नाही. ती सव्वानऊला जागी होते आणि त्या क्षणी समोर जो भाव असेल तो घेते.

एसएल-एममध्ये तुम्ही 866 च्या आसपास नक्की आत शिरता. पण स्टॉप अजून 851.15 लाच असतो, म्हणजे एका शेअरमागची जोखीम 14.85 झाली, ठरवल्याच्या जवळपास 1.6 पट. 268 शेअरवर 2,500 ऐवजी जवळजवळ 4,000 रुपये पणाला लागतात. एसएल लिमिट ऑर्डर असेल, समजा ट्रिगर 860.45 आणि लिमिट 861.30, तर 866 ला ती लागणार नाही. भाव खाली परतला तरच लागेल. म्हणजे पळणारे ट्रेड सुटतील आणि माघारी फिरणारे हाती येतील. दोन्हींत तोटा आहे, तो वेगवेगळ्या ठिकाणी आहे इतकंच.

माझा नियम असा: प्री-ओपन संपून उघडण्याचा भाव कळला की गॅप मूळ जोखमीच्या निम्म्यापेक्षा मोठी आहे का ते पाहतो. मोठी असेल तर दोन्ही ऑर्डर लावत नाही. लहान असेल तर नव्या अंतरानुसार शेअर कमी करून एसएल-एम लावतो. तुमचा नियम वेगळा असू शकतो. पण तो आदल्या संध्याकाळी लिहिलेला असावा आणि चाचणीतही तंतोतंत तोच असावा.

6. दिवसभरात एकही ऑर्डर लागली नाही तर दुसऱ्या दिवशी पुढे न्यायची का?

यात एक सुंदर गोष्ट दडली आहे. दोन्ही ऑर्डर लागल्या नाहीत याचा अर्थ त्या दिवसाचा हाय आणि लो सेटअपच्या कँडलच्या आतच राहिला. म्हणजे तो दिवस पुन्हा इनसाइड. त्याची रेंज आधीच्या सर्वात लहान रेंजपेक्षाही लहान, म्हणजे तो पुन्हा एनआर7. हाय किंवा लो अगदी बरोबरीत असल्याचा अपवाद सोडला तर नवा सेटअप आपोआप तयार होतो. जुन्या पातळ्या पुढे न्यायच्या नाहीत, नव्या कँडलवरून नव्या ऑर्डर काढायच्या. स्टॉपही त्यामुळे जवळ येतो, आणि खर्चाचं ओझं वाढतं (प्रश्न 10).

7. "एनआर7 नंतर 87 टक्के वेळा रेंज वाढते" असं वाचलं. मग हा खात्रीचा सेटअप नाही का?

हा आकडा मला सगळ्यात जास्त वेळा पाठवला जातो, म्हणून सविस्तर सांगतो.

कल्पना करा की रोजची रेंज चिठ्ठी काढून ठरते. कालचा आजशी काही संबंध नाही. सात चिठ्ठ्या काढल्या आणि सातवी सगळ्यात लहान निघाली. आता आठवी काढायची आहे. ती सातवीपेक्षा लहान निघायची असेल तर आठही चिठ्ठ्यांत तीच सगळ्यात लहान असली पाहिजे, आणि तशी शक्यता आठात एक. म्हणजे उरलेल्या आठात सात वेळा, 87.5 टक्के वेळा, रेंज "वाढणार". बाजार नाही, शेअर नाही, आवळलेली हालचाल नाही, फक्त चिठ्ठ्या आहेत. तरी 87.5 टक्के! एनआर4 साठी हेच गणित पाचात चार, म्हणजे 80 टक्के देतं.

सगळ्यात लहान आकड्याशी तुलना केली की पुढचा आकडा मोठा दिसणारच. म्हणून उद्याची रेंज एनआर7 दिवसाच्या रेंजशी ताडून काहीही सिद्ध होत नाही. ती गेल्या 20 दिवसांच्या सरासरी रेंजशी ताडायला हवी, आणि तोच भागाकार बाकीच्या सगळ्या दिवसांसाठीही काढून शेजारी मांडायला हवा. आणखी एक गोष्ट: बाजारात शांत दिवसांमागे शांत दिवस येतात, वादळी दिवसांमागे वादळी. त्यामुळे या दुसऱ्या कसोटीवर फरक फार कमी निघू शकतो किंवा उलटाही पडू शकतो. तुम्ही निवडलेल्या शेअरवर तो किती आहे, हे मोजल्याशिवाय कळत नाही.

ट्रेडच्या नफ्यालाही हीच कसोटी लावावी. हेच प्रवेशाचे आणि बाहेर पडण्याचे नियम एनआर7 नसलेल्या दिवसांवर चालवा. सरासरी नफा दोन्हीकडे सारखाच आला तर सेटअपने काही दिलं नाही, जे मिळालं ते ब्रेकआउटने किंवा त्या काळातल्या तेजीने दिलं.

8. बॅकटेस्टचा कोड कसा लिहू? माझ्याकडे रोजचा डेटा आणि पायथॉन आहे.

गाभा पाच ओळींचा आहे:

```python
r = df.High - df.Low
nr7 = r < r.shift(1).rolling(6).min()
ib = (df.High < df.High.shift(1)) & (df.Low > df.Low.shift(1))
df["setup"] = (nr7 & ib).shift(1, fill_value=False)
df["buy"] = df.High.shift(1) + tick
```

चौथ्या ओळीतला `shift(1)` विसरला तर सेटअपच्या दिवशीच ट्रेड शोधला जातो, जेव्हा दिवस अरुंद आहे हे अजून कोणालाच माहीत नसतं. `<` हे चिन्हही मुद्दाम आहे. रेंज किंवा हाय बरोबरीत आला तर सेटअप धरायचा नाही, असं मी ठरवलं आहे. तुम्ही उलट ठरवू शकता, पण एकदाच.

खरेदीची ऑर्डर लागली का, हे `High >= buy` सांगतं. भाव मात्र `max(Open, buy)` धरायचा, कारण गॅपच्या दिवशी 860.45 हा भाव अस्तित्वातच नसतो. बाहेर पडायला दिवसाचा बंद भाव वापरताना एक सावधगिरी हवी. एनएसईच्या आजवरच्या डेटातला बंद भाव म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासातल्या व्यवहारांची उलाढालीनुसार काढलेली सरासरी, शेवटचा सौदा नव्हे. शिवाय ब्रोकर इंट्राडे पोझिशन साडेतीनच्या आधीच बंद करून टाकतात. फरक दोन्ही बाजूंना पडतो, पण त्याने चाचणीतला नफा वाढून दिसतो की घटून, हे तुमच्या शेअरवर मिनिटांच्या डेटाने एकदा तपासून पाहा.

9. रोजच्या कँडलमध्ये हाय आधी लागला की लो, हे कळत नाही. मग चाचणी निरर्थक नाही का?

नियम कोणते आहेत यावर ते अवलंबून आहे. प्रश्न 3 ची मांडणी पाहा: दोन्ही बाजूंना ऑर्डर, समोरची बाजू हाच स्टॉप, टार्गेट नाही. दिवसात दोन्ही पातळ्या लागल्या असतील तर क्रम कोणताही असो, निकाल एकच. वर घेतलं आणि खाली सुटलो, किंवा खाली विकलं आणि वर सुटलो. दोन्हींत पूर्ण जोखमीएवढा तोटा. क्रमाची गरजच पडत नाही. मी ही मांडणी निवडली याचं एक कारण हेच आहे. रोजच्या डेटावर ती प्रामाणिकपणे तपासता येते.

यात टार्गेट घातलं किंवा स्टॉप जवळ आणला की हा गुण गेला. आता टार्गेट आणि स्टॉप दोन्ही एकाच कँडलमध्ये असतील तर उत्तर फक्त मिनिटांच्या डेटात आहे. फक्त खरेदीचीच बाजू घेत असाल तरी तेच. लो आधी लागून गेला आणि मग खरेदी लागली तर स्टॉप लागलेलाच नाही. मिनिटांचा डेटा नसेल तर अशा सगळ्या दिवसांवर तोटा झाला असं धरून एकदा चालवा, आणि असे दिवस एकूण ट्रेडच्या किती टक्के आहेत ते निकालाशेजारी लिहा. ते दहातले दोन-तीन असतील तर त्या चाचणीवर पैसे लावू नयेत.

10. कागदावर नफा दिसतो, प्रत्यक्षात नाही. कुठे जातो?

बहुतेक वेळा खर्चात, आणि अरुंद दिवसांच्या पद्धतीला खर्च जास्त बोचतो. प्रश्न 3 मध्ये 268 शेअर म्हणजे सुमारे 2.3 लाखांचा सौदा. विक्रीवर 0.025 टक्के एसटीटी, म्हणजे 58 रुपये. दोन ऑर्डरची दलाली 20-20 धरली, एक्सचेंजचं शुल्क, मुद्रांक आणि जीएसटी मिळवला की सव्वाशेच्या आसपास. त्यावर प्रत्येक बाजूला 0.05 टक्के, म्हणजे शेअरमागे 43 पैसे स्लिपेज धरलं तर आणखी 230. एकूण साडेतीनशे.

2.3 लाखांच्या मानाने ते किरकोळ वाटतात. पण पणाला लावलेले आहेत 2,500 रुपये, आणि त्यातला सातवा हिस्सा ट्रेड जिंको वा हरो, जाणारच आहे. रेंज जितकी अरुंद तितके शेअर जास्त, सौदा मोठा, आणि जोखमीच्या मानाने खर्चही मोठा. म्हणून निकाल रुपयांत न मांडता जोखमीच्या पटीत मांडावा, खर्च वजा करून. मी शेअरची रेंज भावाच्या एक टक्क्याहून कमी असेल तर सेटअप सोडून देतो. उदाहरणातला 9.20 त्या सीमेच्या जेमतेम वर आहे.

11. किती ट्रेड तपासले की निकाल खरा मानायचा? माझ्याकडे 200 आहेत.

समजा 200 ट्रेडची सरासरी प्रत्येकी जोखमीच्या 0.08 पट नफा आली, आणि ट्रेडमधलं प्रमाण विचलन 1.1 पट आहे. सरासरीतली चूक म्हणजे 1.1 भागिले 200 चं वर्गमूळ, साधारण 0.078. नफा आणि चूक जवळपास सारखीच! इतकी सरासरी नुसत्या नशिबानेही सहज येते. नफा चुकीच्या दुप्पट दिसायला याच आकड्यांवर साडेसातशेहून जास्त ट्रेड लागतात.

तेही एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर. अर्थसंकल्प किंवा रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाच्या आदल्या दिवशी अनेक शेअर एकदम अरुंद होतात आणि दुसऱ्या दिवशी एकाच दिशेला पळतात. तेवीस शेअरचे तेवीस ट्रेड दिसतात, खरं तर तो जवळपास एकच ट्रेड आहे. म्हणून एका दिवसाचे सगळे ट्रेड मिळवून त्यांची एक सरासरी घ्या आणि मोजणी दिवसांची करा.

12. मी एनआर4, एनआर5, एनआर7, टार्गेट, ट्रेलिंग स्टॉप सगळं तपासलं आणि सर्वोत्तम निवडलं. ठीक ना?

चार प्रकारचे सेटअप, पाच फिल्टर आणि बाहेर पडण्याच्या तीन पद्धती म्हणजे 60 जोड्या. त्यांतल्या एकीतही काही दम नसला तरी विसात एक या हिशेबाने तीन जोड्या "यशस्वी" दिसतील. सर्वोत्तम म्हणून तुम्ही त्यांतलीच एक उचलाल. डेटाचे सुरुवातीलाच दोन तुकडे करा, काळानुसार. जुन्या तुकड्यावर हवं ते तपासा, मग एकच नियम निवडून नव्या तुकड्यावर एकदाच चालवा. तिथे तो पडला तर नियम दुरुस्त करून त्याच तुकड्यावर परत चालवायचा नाही, कारण तो तुकडा आता वापरून झाला.

शेअरची यादीही जुनी हवी. आजच्या निफ्टी 50 मधले शेअर घेऊन 2018 पासून चाचणी केली तर येस बँक त्यात येतच नाही. ती मार्च 2020 मध्ये निर्देशांकातून बाहेर गेली.

13. दिवाळीला माझ्या स्कॅनरमध्ये एकदम सगळेच शेअर एनआर7 आले. हे काय?

मुहूर्ताचं ट्रेडिंग साधारण तासाभराचं असतं. सव्वासहा तासांच्या दिवसांशेजारी तासाभराची कँडल ठेवली की ती अरुंदच असणार. 2 मार्च आणि 18 मे 2024 या शनिवारी पर्यायी यंत्रणेच्या चाचणीसाठी छोटी सत्रं झाली, तीही तशीच. हे दिवस डेटातून काढून टाकावेत, त्यांना सेटअप मानू नये आणि सात दिवसांच्या मोजणीतही धरू नये.

दुसरी फसवी जागा बोनस आणि स्प्लिटची. 28 ऑक्टोबर 2024 ला रिलायन्स एकास एक बोनसनंतरच्या भावाने उघडला. भाव निम्मा म्हणजे रेंजही निम्मी. डेटा दुरुस्त केलेला नसेल तर नवी कँडल जुन्या दुप्पट मोठ्या कँडलशी तुलनेत येते आणि खोटा एनआर7 निघतो. त्याच आठवड्यात 1 नोव्हेंबरला संध्याकाळी मुहूर्ताचं सत्र होतं, म्हणजे एका शेअरवर दोन खोटे एनआर7 पाच दिवसांत. माझ्या पहिल्या चाचणीत असे दिवस मिसळले होते. मी चार्टवर एकेक ट्रेड डोळ्यांनी पाहायला बसलो तेव्हाच ते सापडले. तेव्हापासून कुठल्याही चाचणीतले निदान 50 ट्रेड मी हाताने उघडून पाहतो.

14. शेअर दिवसभर सर्किटला लागून राहिला, हाय आणि लो एकच. हा सगळ्यात अरुंद दिवस नाही का?

आकड्याने हो, अर्थाने नाही. वरच्या सर्किटवर विकणारा कोणी नसतो, म्हणून भाव हलत नाही. तिथे रेंज शून्य असते, जोखीम फक्त दोन टिकांची उरते, तिने भागायला गेलं की शेअरची संख्या अवाढव्य येते, आणि कोडमध्ये ती चूक चुपचाप बसून राहते. शिवाय असा दिवस आधीच्या कँडलपासून गॅपने दूर असतो, त्यामुळे तो बहुधा इनसाइडही नसतो. रेंज शून्य असलेले दिवस वगळा. पुढचे सहा दिवसही त्या शेअरवर सेटअप शोधू नका, कारण ते शून्य सात दिवसांच्या खिडकीत असेपर्यंत खरा एनआर7 निघूच शकत नाही.